टायमर लावूनही महिन्याभरात स्क्रोलिंग पूर्ववत होतं, त्यावरचा उपाय

लक्षण असं: फोनवर इन्स्टाग्रामला वेळेची मर्यादा लावली. पहिले तीन-चार आठवडे छान गेले. मग हळूहळू मर्यादा संध्याकाळीच संपायला लागली, ती वाढवली गेली, कधी काढून टाकली गेली आणि महिना-सव्वा महिन्यात आकडा पुन्हा पहिल्याच जागी. परत मर्यादा लावली, परत तेच. माझ्याकडे हे चक्र वर्षभरात चार वेळा फिरलं. चौथ्या वेळी कारण सापडलं. मनाचा निग्रह कमी पडतो, असं इतके दिवस मी समजत होते. खरं कारण बरंचसं सेटिंगमध्ये होतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझा फोन अँड्रॉइड आहे. आयफोनचा भाग माझ्या दिरांच्या फोनवर करून पाहिलेला आहे.

मी फोंड्याला राहते आणि नोकरी पणजीला. कदंबच्या शटलच्या रांगेत दहा-पंधरा मिनिटं, मग बाणस्तारी, जुने गोवे करत पाऊण-एक तास. संध्याकाळी तेवढंच परत. म्हणजे बसमध्येच दिवसाचे दोन तास हात मोकळे. त्यात जेवणानंतर अंथरुणावर पडल्या-पडल्या आणखी तासभर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी फोनमधल्या `Digital Wellbeing` चा डॅशबोर्ड बघितला. रोजची सरासरी निघाली इन्स्टाग्राम १ तास ५० मिनिटं, यूट्यूब १ तास ५ मिनिटं, फेसबुक ३५ मिनिटं. एकूण साडेतीन तास.

या वेळी एक गोष्ट वेगळी केली. स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतं, त्यावर दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात रोज रात्री पेन्सिलीने तीन आकडे लिहायला लागले: इ, यू, फे. फोनमध्ये जुने आकडे थोड्याच आठवड्यांचे राहतात आणि ते बघायला पुन्हा फोनच हातात घ्यावा लागतो. भिंतीवरचा महिना एका नजरेत दिसतो. पुढचं सगळं त्या चौकोनांमुळे कळलं.

एकतिसाव्या दिवशी काय होतं

१२ जुलैला इन्स्टाग्रामला ४५ मिनिटांचा आणि फेसबुकला २० मिनिटांचा टायमर लावला. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये `Digital Wellbeing`, त्यात डॅशबोर्ड, त्यात अ‍ॅपच्या नावापुढचं वाळूच्या घड्याळाचं चिन्ह. वेळ संपली की अ‍ॅप बंद होतं आणि त्याचं चिन्ह करडं पडतं.

दोन दिवसांनी, १४ जुलैला, इन्स्टाग्रामच्या आत आणखी एक बटण चालू केलं. प्रोफाइलवर तीन आडव्या रेषा, `Settings and activity`, त्यात `Content preferences`, त्यात `Snooze suggested posts in feed`. आपण ज्यांना फॉलो केलेलं नाही अशा लोकांच्या पोस्ट मुख्य फीडमध्ये घुसवल्या जातात, त्या याने थांबतात. फरक लगेच जाणवला. मैत्रिणी, भाचरं, फोंड्याचं एक नाट्यमंडळ, दोन-तीन विणकामवाल्या, एवढं पाहून झालं की नवीन काही उरायचंच नाही. पाच-सात मिनिटांत फीड संपायचं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चौकोनांमध्ये इन्स्टाग्रामपुढे २५, ३०, ३५ असे आकडे आहेत. म्हणजे टायमरला हातही लागत नव्हता.

१३ ऑगस्टनंतर आकडे चढायला लागले. ४०, ४५, ४५, ४५. मर्यादा रोज पूर्ण भरत होती. चवथ जवळ आली होती, माटोळीचे, मखराचे, साड्यांचे व्हिडिओ सगळीकडे, म्हणून मी ते सणावर घातलं. पण चवथ झाली, विसर्जन झालं, आकडे खाली आले नाहीत. तेव्हा पेन्सिल घेऊन दिवस मोजले. १४ जुलैपासून १३ ऑगस्ट, बरोबर तीस दिवस.

ते `Snooze` चं बटण तीस दिवसांपुरतंच असतं. तसं तिथे लिहिलेलंही असतं, आपण चालू करताना वाचतो आणि विसरतो. मुदत संपली की ते आपोआप बंद होतं आणि सुचवलेल्या पोस्ट परत येतात. पहिल्या दिवशी दोन-चार येतात, त्यामुळे काही बदललंय हे डोळ्यांना कळत नाही. फेसबुकवरही एखाद्या माणसाला किंवा पानाला `Snooze` केलं तर तेही तीसच दिवसांचं.

म्हणजे पहिल्या महिन्यात काम टायमरने केलंच नव्हतं. फीड आटलं होतं, म्हणून टायमरपर्यंत पोचण्याची पाळी येत नव्हती. ते आधाराचं लाकूड निघून गेलं आणि सगळा भार टायमरवर आला. टायमर तो भार पेलू शकत नाही, कारण तो काढून टाकायला दोन स्पर्श पुरतात.

तुमच्याकडे हेच होतंय का, हे ओळखायला सोपं आहे. फीडमधल्या सलग वीस पोस्ट मोजा. ज्यांना तुम्ही फॉलो करता त्यांच्या किती, नावाखाली किंवा बाजूला `Follow` असं बटण दिसणाऱ्या किती. माझ्या फीडमध्ये चवथीनंतर वीसपैकी अकरा परक्या निघाल्या, चार जाहिराती आणि पाचच माझी माणसं.

गळती कुठून होते ते आधी बघा

तोच महिना नीट पाहिल्यावर दुसरी गोष्ट दिसली. इन्स्टाग्राम ४५ वर अडकला होता, पण यूट्यूब १ तास ५ वरून १ तास ४० वर गेलं होतं. आणि मी जो आकडा लिहीतच नव्हते, त्या क्रोमचा रोजचा वेळ पंधरा मिनिटांवरून पन्नासवर. टायमर अ‍ॅपला लागतो, मजकुराला नाही. इन्स्टाग्राम करडं पडलं की बोट यूट्यूबच्या शॉर्ट्सवर जात होतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवलेली रील क्रोममध्ये उघडत होती. फेसबुक सोडून या तिन्हींची बेरीज ३ तास १५ मिनिटं. आधी हीच बेरीज तीन-दहा होती. एका महिन्याच्या खटपटीनंतर उलट पाच मिनिटं जास्त.

तेव्हा एकाच अ‍ॅपचा आकडा कमी झाला म्हणून समाधान मानू नका. ब्राउझरसकट सगळ्यांची बेरीज लिहा.

तिसरी गळती रात्री बाराची. अँड्रॉइडचा टायमर मध्यरात्री नव्याने सुरू होतो, आयफोनचाही तसाच. साडेअकराला वेळ संपली आणि माणूस जागाच असेल, तर बारा वाजता पुढच्या दिवसाची पंचेचाळीस मिनिटं हातात येतात. माझ्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा हे व्हायचं. सकाळी बसमध्ये बसते तो निम्मा वेळ आधीच संपलेला, आणि ‘कसा काय संपला’ म्हणून मीच टायमर काढायची. यावर टायमर वाढवणं-घटवणं हा उपाय नाही. `Digital Wellbeing` मध्येच `Focus mode` आहे. त्यात इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब आणि ब्राउझर निवडून रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा अशी वेळ लावली. ही वेळ मध्यरात्र ओलांडून जाते, त्यामुळे बाराचा तो दरवाजा बंद होतो. आयफोनवर हेच काम `Downtime` करतं.

आधी फीड, मग घड्याळ

मी आधी घड्याळ लावत होते आणि फीड तसंच ठेवत होते. आता क्रम उलटा केलाय. फीड इतकं आटवायचं की ते दहा मिनिटांत संपेल, आणि टायमर फक्त चुकून घसरलंच तर अडवायला. फीड आटवण्याचं काम मात्र तीस दिवसांत मावळणाऱ्या बटणावर ठेवायचं नाही.

इन्स्टाग्राममध्ये वरच्या नावावर टिचकी मारली की `Following` असा पर्याय येतो. त्यात फक्त आपण फॉलो केलेल्यांच्या पोस्ट, नवीन आधी या क्रमाने दिसतात. २०२२ च्या मार्चपासून ही सोय आहे. अडचण एकच. अ‍ॅप बंद करून उघडलं की ते पुन्हा नेहमीच्या फीडवर येतं. `Following` कायमचं ठेवायचं बटण अ‍ॅपमध्ये नाही. दर वेळी आठवणीने ते निवडायचं, तर ती आठवण नेमकी थकलेल्या वेळी राहत नाही.

ब्राउझरमध्ये मात्र या फीडचा स्वतंत्र पत्ता आहे. फेसबुक आणि यूट्यूबचाही आहे.

```
https://www.instagram.com/?variant=following
https://www.facebook.com/?filter=all&sk=h_chr
https://www.youtube.com/feed/subscriptions
```

पहिला पत्ता इन्स्टाग्रामच्या फॉलो केलेल्यांचा, दुसरा फेसबुकवर मित्र, पानं आणि ग्रुप यांच्या पोस्ट नवीन आधी या क्रमाने दाखवणारा, तिसरा फक्त सबस्क्राइब केलेल्या चॅनलांचा. हे तीन शॉर्टकट फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवले आणि अ‍ॅप काढून टाकली. कायमचा फरक पडला तो यानेच. करताना मी दोनदा चुकले, म्हणून पायऱ्या नीट सांगते.

अ‍ॅप आधी काढायचं. ते फोनवर असेल तर पत्ता टाकला तरी फोन बहुधा अ‍ॅपच उघडतो आणि तुम्ही जुन्याच फीडवर जाऊन पडता. यूट्यूब अनेक अँड्रॉइड फोनांवर काढता येत नाही. तिथे अ‍ॅपच्या माहितीत जाऊन `Disable` करायचं. मग क्रोममध्ये पत्ता उघडून लॉगिन करायचं, वर उजवीकडच्या तीन टिंबांमधून `Add to Home screen` घ्यायचं. इथे क्रोम दोन पर्याय देतो, `Install` आणि `Create shortcut`. घाईत वरचा निवडला तर साइट अ‍ॅपसारखी बसते आणि तिच्या स्वतःच्या पहिल्या पानावर उघडते. आपण दिलेल्या पत्त्यावर नाही. `Create shortcut` च घ्यायचं. मी पहिल्यांदा `Install` केलं, आणि दोन दिवस ‘हा पत्ता चालतच नाही’ असं समजून बसले होते.

बरोबर झालंय का, हे शॉर्टकट उघडून वर `Following` दिसतं का यावरून कळतं. आणि वीस पोस्ट पुन्हा मोजायच्या. माझ्या मोजणीत सोळा माझी माणसं आणि चार जाहिराती आल्या. जाहिराती या उपायाने जात नाहीत.

काय गमावलं तेही सांगते. ब्राउझरमध्ये व्हिडिओ थोडे अडखळतात, संदेशांची सूचना लगेच येत नाही, स्टोरी टाकायला अ‍ॅपइतकी सोय नाही. ज्यांचा धंदाच इन्स्टाग्रामवर चालतो, घरगुती फराळाची किंवा साड्यांची विक्री वगैरे, त्यांना अ‍ॅप काढणं परवडणार नाही. त्यांनी `Snooze` चंच बटण वापरावं आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये दर २९ दिवसांनी परत येणारी आठवण लावावी. ‘दर महिन्याला’ लावू नका. एकतीस दिवसांच्या महिन्यात मध्ये एक दिवस मोकळा सुटतो. आठवण आली की बटण बंद करून पुन्हा चालू करायचं, म्हणजे तीस दिवस नव्याने मोजले जातात. आणि हे बटण फक्त मुख्य फीडपुरतं आहे, हे लक्षात असू द्या. भिंगाच्या चिन्हाखालचं पान आणि रील्सचा टॅब त्याने बदलत नाहीत.

यूट्यूबचं वेगळं आहे

यूट्यूबवर एक बटण असं आहे की त्याला मुदत नाही. पाहिलेल्याची नोंद, म्हणजे वॉच हिस्टरी, बंद करायची. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये `Manage all history`, त्यात नोंद ठेवण्याच्या पर्यायावर जाऊन `Turn off`. त्याच पानावरून आधीची साठलेली नोंदही पुसून टाकायची. पुसली नाही तर जुन्या नोंदीवरून सुचवणं चालू राहू शकतं. २०२३ च्या ऑगस्टपासून यूट्यूबने असं केलंय की नोंद बंद असेल आणि मागची फारशी नसेल, तर पहिलं पान रिकामं येतं. शोधायची पेटी आणि नोंद बंद असल्याची सूचना, बस्स. शोध चालतो, सबस्क्राइब केलेली चॅनलं चालतात.

पहिल्या दिवशी ते रिकामं पान बघून मला घरातलं सगळं फर्निचर हलवल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की मला नक्की काय बघायचं होतं, ते मला टंकावं लागतंय. बऱ्याच वेळा टंकायला काही सुचतच नव्हतं, आणि मी फोन पर्समध्ये ठेवत होते.

दोन ठिकाणी हे फसतं. फोनमध्ये दोन गूगल खाती असतील आणि यूट्यूब दुसऱ्या खात्यावर गेलं, तर तिथली नोंद चालूच असते. ‘बंद केलं तरी सुचवतंय’ ही तक्रार बहुतेक वेळा यामुळे. वरच्या गोल चित्रावर टिचकी मारून खातं कुठलं आहे ते बघा. दुसरं घरच्या टीव्हीचं. आमच्या टीव्हीवर माझंच खातं होतं. सासूबाई दुपारी कीर्तन आणि जुनी नाट्यपदं लावतात, त्यांना समोर आपोआप ती दिसायची. नोंद बंद केली त्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर त्या म्हणाल्या, “अगो, टीव्ही बिघडला काय? काहीच येत नाही.” टीव्हीवर त्यांच्यासाठी वेगळं खातं केलं, कीर्तनाची सहा-सात चॅनलं सबस्क्राइब करून दिली. घरात सामायिक टीव्ही असेल तर हे काम आदल्या दिवशी करा.

नोंद बंद करायची नसेल आणि फक्त नको ते हटवायचं असेल, तर कुठलं बटण दाबायचं हे महत्त्वाचं. मोझिला फाउंडेशनने २०२२ मध्ये २२ हजारांहून अधिक लोकांच्या यूट्यूब वापरावरून हे तपासलं होतं. नको असलेल्या शिफारशी `Not interested` ने साधारण ११ टक्के आणि अंगठा खाली केल्याने १२ टक्के थांबल्या. नोंदीतून तो व्हिडिओ काढल्याने २९ टक्के आणि `Don't recommend channel` ने ४३ टक्के. मी वर्षभर `Not interested` दाबत होते. सगळ्यात चांगलं बटणही निम्म्याच्या खालीच थांबतं, म्हणून मी शेवटी नोंदच बंद केली.

सगळं पुसून नव्याने सुरू केलं तर

इन्स्टाग्रामवर त्याच `Content preferences` मध्ये `Reset suggested content` आहे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने ते केलं आणि आठवड्यात सांगितलं की आधीपेक्षा वाईट येतंय, अपघात, भांडणं, नको ते. तिचं म्हणणं खोटं नाही. रीसेटने आतापर्यंतची ओळख पुसली जाते, आणि मग यंत्रणा सर्वसाधारण लोकप्रिय गोष्टी दाखवून तुम्ही कुठे थांबता ते नव्याने शिकते. रीसेट मागे घेता येत नाही.

कशावरून शिकते, हे इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या जानेवारीत सांगितलं होतं. किती वेळ पाहिलं, लाइक केलं का आणि दुसऱ्याला पाठवलं का, हे तीन मुख्य संकेत. पाहण्याचा वेळ त्यात आहे, म्हणजे अपघाताचा व्हिडिओ ‘बाप रे’ म्हणत शेवटपर्यंत पाहिला तरी तो पसंतीतच मोजला जातो. मैत्रीण तेच करत होती, आणि वर तो नवऱ्याला पाठवतही होती. रीसेट करायचंच असेल तर पहिला आठवडा रील्सचा टॅब उघडूच नये, आणि समोर आलेलं नको ते एका क्षणात वर सरकवावं. थांबून `Not interested` शोधत बसण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा वेळ तो व्हिडिओ चालूच असतो.

रीसेटच्या त्याच पानावर फॉलो केलेल्यांची यादीही तपासायला देतात. तो भाग खरोखर कामाचा. मी ३४० खाती फॉलो करत होते. एका रविवारी दुपारी यादी घेऊन बसले, प्रत्येक नावाला एकच प्रश्न लावला: हिने महिनाभर काही टाकलं नाही तर मला चुकल्यासारखं वाटेल का? ९० उरली. नातेवाइकांना काढलं तर वाईट दिसेल अशा ठिकाणी `Mute` केलं. त्यांना ते कळत नाही. फेसबुकवर मैत्री ठेवून फक्त `Unfollow` करता येतं. या सफाईला तीस दिवसांची मुदत नाही, म्हणून मी तिला बाकी सगळ्याच्या वर ठेवते.

आता टायमर, आणि त्याची किल्ली

फीड आटल्यावर टायमर पुन्हा लावला. अ‍ॅप काढल्यामुळे तो आता क्रोममधल्या साइटवर लावायचा. बऱ्याच फोनवर `Digital Wellbeing` च्या डॅशबोर्डमध्ये क्रोम उघडलं की साइटचा वेळ दाखवायची परवानगी देता येते, आणि मग एकेका साइटला वेगळा टायमर. गुप्त टॅबमधला वेळ यात धरला जात नाही. मी तीनही साइटना मिळून ४५ मिनिटं वाटून दिली आहेत.

अँड्रॉइडवर मोठ्या माणसाच्या टायमरला कुलूप नाही. लावणारा तोच काढणारा. आयफोनवर आहे. माझे दीर वास्कोला असतात, नोकरी शिफ्टची, रात्रपाळीहून आले की दोन तास रील्स. त्यांनी `Screen Time` मध्ये मर्यादा लावली होती, पण वेळ संपल्यावर येणाऱ्या पडद्यावर `Ignore Limit` दाबलं की आणखी एक मिनिट, पंधरा मिनिटं किंवा दिवसभर, हवं ते मिळायचं. ते म्हणाले, “वैनी, पासकोड तुम्हीच घाला, मला सांगू नका.” मी त्यांच्या फोनवर `Screen Time` चा चार अंकी पासकोड घातला, आणि मर्यादेमधला `Block at End of Limit` हा पर्याय चालू केला. नुसता पासकोड घालून हा पर्याय बंद राहिला, तर पडदा पूर्वीसारखाच सोडून देतो. पासकोड विसरल्यास परत मिळवण्यासाठी अ‍ॅपल खातं विचारतात. तिथे त्यांचं खातं टाकलं असतं तर कुलूप त्यांनाच उघडता आलं असतं. मी माझ्या धाकट्या जावेचं टाकलं, ती त्याच घरात असते.

अँड्रॉइडवाल्यांना कुलपाऐवजी अडथळा लावता येतो. `one sec` आणि `ScreenZen` अशी अ‍ॅप आहेत. निवडलेलं अ‍ॅप उघडायला गेलं की आधी काही क्षण थांबवतात आणि मग ‘उघडायचंच का’ विचारतात. शटलच्या रांगेत सवयीने जाणारं बोट तेवढ्या वेळात परत येतं, असा माझा अनुभव आहे. पण काही दिवसांनी ‘हे अ‍ॅप आपोआप बंद पडलं’ असं होतं. कारण बहुधा बॅटरी वाचवणारी सोय. ही अ‍ॅप सतत मागे चालावी लागतात आणि काही फोन त्यांना झोपवतात. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी `Unrestricted` करा आणि `Autostart` असेल तर चालू करा. फोन अपडेट झाला की अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी टिकून आहे का तेही एकदा बघा.

इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या `Daily limit` वर मी विसंबत नाही. ती फक्त आठवण करून देते आणि एका स्पर्शात बाजूला होते.

अजून न सुटलेलं

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या रील्स. भाचा दिवसाला सात-आठ पाठवतो, प्रेमाने पाठवतो. दुवा दाबला की ती एक रील क्रोममध्ये उघडते आणि बोट वर सरकलं की पुढची तयार असते. व्हॉट्सअ‍ॅपला टायमर लावणं शक्य नाही, ऑफिसचं कामच त्यावर चालतं. सध्या मी सगळे दुवे साठवते, रविवारी दुपारी एकदम बघते, आणि त्याला आधीच सांगून ठेवलंय की उत्तर रविवारी येईल. तो म्हणाला, “मामी, मग रविवारीच पाठवतो.” आता शनिवारी रात्री बारा-पंधरा येतात.

कालच्या चौकोनात इ १४, यू २२, फे ६ आहे. शेजारी लाल पेनाने गोल केलेली पुढची तारीख `Snooze` साठी नाही, ते बटण मी आता वापरत नाही. त्या दिवशी वीस पोस्ट पुन्हा मोजायच्या आहेत.